रुईच्या बिलाचा दुसरा धनी : कर वजावटीच्या जुळणीचा इतिहास, मानवतच्या नजरेतून

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. विवरणपत्रात मागितलेली कराची वजावट आणि पुरवठादाराची बिलं यांची जुळणी, आणि ती जुळली नाही तर फरक कुठून आला याचा माग. पण मानवतच्या एखाद्या जिनिंगमध्ये महिन्याच्या १४ तारखेनंतर जाऊन बसा. मुनीम दोन याद्या समोर ठेवून एकेका बिलावर खूण करत असतो. एक यादी त्याच्या खरेदीवहीतली, दुसरी सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेली. दुसऱ्या यादीत जे बिल नाही, त्यावर मोजलेला कर मालकाच्या खिशातून पुन्हा जाऊ शकतो. ही दुसरी यादी आली कुठून, आणि विकणाऱ्याच्या चुकीचा भार घेणाऱ्यावर कधी पडू लागला, हा आज आपला प्रश्न आहे.

मानवत घेण्याचं कारण साधं. परभणी जिल्ह्यातलं हे कापसाचं गाव. शेतकरी बाजारात कापूस आणतो, जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, सरकी तेलाच्या घाण्याकडे जाते. एकाच मालाला चार-पाच हात लागतात आणि प्रत्येक हातावर बिल बनतं. जुळणीचा प्रश्न समजून घ्यायला याहून चांगला माल नाही.

थोडं मागे जाऊ. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबाद राज्याचा सर्वसाधारण विक्रीकर कायदा १९५० चा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६० च्या सुरुवातीपासून मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ लागू झाला. शिवाय १९७२ पासून सुमारे तीन दशकं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. त्या काळात शेतकऱ्याचा कापूस सरकारी यंत्रणा घेत असे आणि खासगी जिनिंग बहुतांश तिच्यासाठी मजुरीवर पिंजायचं काम करी. खरेदी स्वतःची नसेल तर खरेदीवरच्या कराची वजावट हा प्रश्नही मोठा होत नाही. तो उभा राहिला एकाधिकार संपल्यावर आणि वॅट आल्यावर.

महाराष्ट्र मूल्यवर्धित कर कायदा २००२ चा, पण अंमलात आला १ एप्रिल २००५ रोजी. त्याचं तत्त्व असं : प्रत्येक व्यापारी विक्रीवर कर गोळा करील आणि खरेदीत आधी दिलेला कर त्यातून वजा करून उरलेलाच सरकारात भरील. समजा व्यापाऱ्याने जिनिंगला कापूस विकताना पाच हजार कर लावला आणि जिनिंगने पुढे रुई-सरकीवर सहा हजार लावला. जिनिंगने भरायचे फक्त एक हजार. सरकारला एकूण सहा हजार मिळाले पाहिजेत, पाच व्यापाऱ्याकडून आणि एक जिनिंगकडून.

आता व्यापाऱ्याने पाच हजार गोळा केले आणि भरलेच नाहीत तर? सरकारच्या हाती एक हजारच येतात आणि वजावट मात्र पाच हजारांची निघून गेलेली असते. वॅटची सगळी साखळी या एका सांध्यावर टेकलेली आहे. कायदा करणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी कलम ४८ चं पोटकलम ५ लिहिलं. त्याचा आशय असा, की त्याच मालावरचा जेवढा कर प्रत्यक्ष सरकारी तिजोरीत जमा झाला असेल, त्यापेक्षा जास्त वजावट कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही.

शब्द नीट बघा. खरेदीदाराने व्यापाऱ्याला कर दिला का, हा प्रश्न इथे नाही. व्यापाऱ्याने तो तिजोरीत टाकला का, हा प्रश्न आहे. आणि पहिल्या वर्षांत हे तपासायचं साधन खरेदीदाराकडे तर नव्हतंच, पण विभागाकडेही धड नव्हतं. विवरणपत्रात एकूण आकडे असत. एखाद्या अधिकाऱ्याने वजावट तपासायला घेतली तर बिलांचे गठ्ठे मागवायचे आणि शंका आली तर विकणाऱ्याच्या कार्यालयात पत्र पाठवून उलटतपासणी करायची. वर्ष-दीड वर्षाने उत्तर आलं तर आलं.

पहिली खरी यादी आली ती लेखापरीक्षण अहवालाच्या नमुना ७०४ बरोबर. त्याला दोन जोडपत्रं होती. जे-१ मध्ये विक्रेत्याने लिहायचं, कोणत्या ग्राहकाला वर्षभरात किती विकलं आणि किती कर लावला. जे-२ मध्ये खरेदीदाराने लिहायचं, कोणाकडून किती घेतलं. दोन्हींत समोरच्याचा नोंदणी क्रमांक, म्हणजे टिन. हा अहवाल संगणकावर भरला जाऊ लागला तेव्हा विभागाला माझं जे-२ आणि तुमचं जे-१ शेजारी-शेजारी ठेवता आलं. जुळणीचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

पण ही जुळणी कशी होती? वार्षिक आणि टिननिहाय. बिलनिहाय नव्हे. म्हणजे नोटीस येई, ‘या क्रमांकाच्या पुरवठादाराबाबत इतक्या रुपयांचा फरक आहे.’ कुठल्या बिलाचा, कुठल्या महिन्याचा, काही नाही. मग मुनीम वर्षाचा खातेउतारा काढी, पुरवठादाराकडून त्याचा उतारा मागवी, आणि दोन्ही ओळ-ओळ लावी. बऱ्याचदा निघे साधी चूक : टिनमधला एक आकडा उलटसुलट, किंवा ३१ मार्चचं बिल एकाने या वर्षात आणि दुसऱ्याने पुढच्या वर्षात घेतलेलं. पण कधी कधी निघे तो प्रकार वेगळाच. पुरवठादार नावाला होता. त्याने माल न देता फक्त बिलं विकली होती. बाजारात याला ‘हवाला बिल’ म्हणत. विक्रीकर विभागाने अशा संशयित व्यापाऱ्यांच्या याद्या संकेतस्थळावर टाकल्या, आणि त्यांच्याकडून खरेदी दाखवणाऱ्या प्रत्येकाला विचारणा झाली. त्यात माल खरोखर घेतलेलेही सापडले आणि कागद विकत घेतलेलेही. जे-१ आणि जे-२ यांच्या फरकाला हा भेद कळत नव्हता.

हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि नेमका एका कापूस जिनिंगच्या नावाने. महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल ११ मे २०१२. खंडपीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. हे प्रकरण मानवतचं नाही, पण धंदा तोच. म्हणणं असं, की आम्ही माल घेतला, कर मोजला, पक्कं बिल घेतलं. विक्रेत्याने पैसे भरले नाहीत यात आमचा दोष काय?

न्यायालयाने कलम ४८(५) वैध ठरवलं. विचार असा, की वजावट हा व्यापाऱ्याचा अंगभूत हक्क नव्हे, ती कायद्याने दिलेली सवलत आहे आणि कायदा तिला अट घालू शकतो. मात्र निकालाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा, आणि तो लोक विसरतात. विभाग चुकार विक्रेत्यांवर वसुलीची कारवाई करील, आणि वसूल झालेल्या रकमेचा लाभ खरेदीदाराला परत मिळेल, अशी राज्याची भूमिका न्यायालयाने नोंदवून घेतली. म्हणजे कर दोनदा घ्यायचा नाही हे राज्याला मान्य होतं. फक्त मधल्या काळात झळ कोणी सोसायची, याचं उत्तर खरेदीदार असं आलं.

सगळ्या न्यायालयांनी हाच कौल दिला असं नाही. दिल्लीच्या वॅट कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये म्हटलं, की खरा माल, खरं बिल आणि सचोटीचा खरेदीदार असेल तर विक्रेत्याच्या कसुरीसाठी त्याची वजावट काढता येणार नाही. महाराष्ट्र आणि दिल्ली, एकच प्रश्न, दोन उत्तरं. आणि नेमक्या त्याच वर्षी जीएसटी आला होता.

१ जुलै २०१७. जीएसटीच्या मूळ आराखड्यात जुळणी हा गाभा होता. विक्रेता GSTR-1 मध्ये बिलं टाकणार, खरेदीदार GSTR-2 मध्ये ती मान्य करणार किंवा दुरुस्त करणार, आणि त्यावरून GSTR-3 आपोआप तयार होणार. व्यवस्था इतकी जड निघाली, की नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर GSTR-2 आणि GSTR-3 बाजूला ठेवावे लागले. राहिलं ते तात्पुरतं म्हणून आणलेलं GSTR-3B, ज्यात खरेदीदार वजावटीचा फक्त एकूण आकडा स्वतः लिहितो. पुन्हा एकदा घोषणा एकीकडे आणि यादी दुसरीकडे, वॅटच्या पहिल्या वर्षांसारखीच.

मग ती दरी टप्प्याटप्प्याने बुजवली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम ३६(४) आला : पुरवठादाराने दाखवलेल्या बिलांवरच्या वजावटीपेक्षा फार तर २० टक्के जास्त घेता येईल. जानेवारी २०२० पासून हे १० टक्के झालं, जानेवारी २०२१ पासून ५ टक्के. १ जानेवारी २०२२ पासून शून्य. आधीच, ऑगस्ट २०२० च्या करमहिन्यापासून, GSTR-2B आलं होतं. त्याआधीचं GSTR-2A रोज बदलत असे, आज पाहिलेलं उद्या वेगळं. 2B दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. तीच मुनिमाच्या समोरची दुसरी यादी.

आता या यादीने फरक कसा शोधायचा ते एका मानलेल्या जिनिंगवर बघू. नाव नको, मानवतची समजा. महिना जानेवारी २०२४. कापसावर कराचा दर ५ टक्के.

पहिली गोष्ट मुनिमाने वेगळी काढायची ती शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसाची. नोंदणीकृत जिनिंगने शेतकऱ्याकडून कापूस घेतला तर कर शेतकरी देत नाही, जिनिंगच भरते. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात आणि कापसाला तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. हा कर रोखीनेच भरायचा, आणि मग त्याचीच वजावट घ्यायची. समजा महिन्यात अशी खरेदी एक कोटीची झाली. पाच लाख रोख भरले, पाच लाखांची वजावट घेतली. ही वजावट पुरवठादाराच्या यादीत कधीच येणार नाही, कारण शेतकरी नोंदणीकृत नाही आणि GSTR-1 भरत नाही. GSTR-3B मध्ये तिची जागा 4(A)(3) ही आहे. घाईत ती 4(A)(5) या ‘इतर सर्व’ रांगेत टाकली, तर तिथला आकडा 2B पेक्षा पाच लाखांनी फुगलेला दिसतो आणि संगणक नोटीस काढतो. पैसे रीतसर भरलेले असतात, पण माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात. सुरुवातीच्या वर्षांत कापसाच्या गावांत हा फरक सहज होऊ शकत होता. उत्तर देताना रोख भरणा, स्वतः बनवलेली बिलं आणि शेतकऱ्यांना दिलेल्या पैशांचा तपशील जोडला की गाठ सुटते. पण आधी गाठ कुठे बसली हे कळायला हवं.

आता उरली व्यापाऱ्यांकडून घेतलेला कापूस आणि इतर खरेदी. वहीप्रमाणे या महिन्याची वजावट ६,४०,०००. 2B मध्ये दिसते ५,६१,५००. फरक ७८,५००. अननुभवी माणूस इथेच थांबतो आणि ‘७८ हजार अडकले’ म्हणतो. खरं चित्र वेगळं निघतं, कारण हा फरक बेरजा-वजाबाक्यांचा ढीग आहे. बिलनिहाय लावल्यावर पाच नोंदी सापडल्या.

एक : सात लाखांचं बिल, कर ३५,०००. वहीत आहे, 2B मध्ये नाही. हा व्यापारी छोटा आहे आणि तिमाही विवरण भरतो. त्याला जानेवारीचं बिल १३ तारखेपर्यंत वेगळं टाकायची सोय असते, पण त्याने ती वापरली नाही. मार्चनंतर तिमाहीचं विवरण भरलं की बिल मार्चच्या 2B मध्ये येईल. हा फरक वेळेचा आहे, तो आपोआप सुटतो. तोवर वजावट थांबवायची.

दोन : पाच लाखांचं बिल, कर २५,०००. वहीत आहे, 2B मध्ये नाही. पुरवठादाराने विवरण वेळेवर भरलंय. मग बिल गेलं कुठे? त्याच्या संगणकात जिनिंगच्या मालकाची दोन नावं आहेत, जिनिंग आणि सरकीची तेलगिरणी. त्याने बिल गिरणीच्या क्रमांकावर टाकलं. वॅटच्या टिनमध्ये आकडा चुकायचा. आता १५ अक्षरांच्या क्रमांकात शेवटचं अक्षर पडताळणीचं असल्याने टंकनाची चूक सहसा पकडली जाते, पण यादीतून चुकीची ओळ निवडली तर पडताळणी पास होते. याचा इलाज पुरवठादाराच्या हाती : पुढच्या GSTR-1 मध्ये दुरुस्तीच्या तक्त्यात क्रमांक बदलायचा. मग ते त्या महिन्याच्या 2B मध्ये दिसेल.

तीन : आठ लाखांचं बिल, कर ४०,०००. वहीत आहे, 2B मध्ये नाही. पुरवठादाराने जानेवारीचं विवरणच भरलेलं नाही. फोन लागतो, ‘उद्या भरतो’ म्हणतो. हा खरा धोका. त्याच्याकडे परत येऊ.

चार : चार लाखांचं बिल, कर २०,०००. हे उलटं, 2B मध्ये आहे, वहीत नाही. बिल ३१ जानेवारीचं, गाडी काट्यावर आली २ फेब्रुवारीला. माल हाती आल्याशिवाय वजावट घेता येत नाही, म्हणून 2B मध्ये दिसत असूनही या महिन्यात घ्यायची नाही. ‘यादीत आहे म्हणजे घेता येतं’ हा गैरसमज इथे उघडा पडतो.

पाच : फक्त १,५००, आणि तोही 2B मध्ये जास्त. कापूस काट्यावर उतरल्यावर ओलावा आणि कचरा धरून तीस हजारांची कटती झाली. जिनिंगने वहीत कमी रक्कम लिहिली, पण पुरवठादाराने मूळ बिलच पूर्ण दाखवलं आणि क्रेडिट नोट दिली नाही. नोट येईपर्यंत ही ओळ दर महिन्याला टोचत राहते. तिची मुळं काट्यावर असतात, कर कार्यालयात नाही. वजनचिठ्ठी बिलाला जोडून ठेवली तर दोन वर्षांनी उत्तर देता येतं.

आता बेरीज करा. यादीत नाहीत त्या पहिल्या तीन नोंदी मिळून एक लाख. यादीत जास्त असलेल्या शेवटच्या दोन मिळून २१,५००. एक लाखातून २१,५०० गेले की ७८,५००, तोच फरक. पण जानेवारीत सुरक्षितपणे घेता येणारी वजावट किती? 2B चे ५,६१,५०० नाही. त्यातून आलेली नसलेली गाडी आणि कटती मिळून २१,५०० वजा, म्हणजे ५,४०,०००. ७८ हजारांचा फरक दिसला, पण थांबवायची रक्कम पूर्ण लाख होती. एकूण बेरीज जुळवणारा माणूस इथेच फसतो.

आता तिसऱ्या पुरवठादाराकडे येऊ. समजा त्याने उशिरा का होईना GSTR-1 भरलं आणि बिल 2B मध्ये दिसलं. जिनिंगने ४०,००० ची वजावट घेतली. सुटलो? नाही. 2B एवढंच सांगतं, की त्याने विक्री जाहीर केली. कर भरला असं ते सांगत नाही. कर GSTR-3B बरोबर भरला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला नियम ३७अ म्हणतो, की पुरवठादाराने आर्थिक वर्षानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत GSTR-3B भरलं नसेल, तर खरेदीदाराने ३० नोव्हेंबरपर्यंत ती वजावट परत करायची. त्याने नंतर भरलं, तर खरेदीदाराला ती पुन्हा घेता येते.

म्हणजे २०१२ च्या निकालात राज्याने जी भूमिका मांडली होती, तीच आता नियमात आली आहे : तूर्त झळ घेणाऱ्याला, आणि विक्रेत्याने भरलं की परतावा. कलम १६(२)(क) मध्ये कर प्रत्यक्ष भरला गेला पाहिजे ही अट ४८(५) च्याच सुरात आहे. बदललं ते एवढंच, की २०१२ च्या जिनिंगला वर्षाअखेर नोटीस आल्यावर कळायचं, आता १४ तारखेला कळतं. २०२३ मध्ये सनक्राफ्ट एनर्जी प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाने आधी पुरवठादारावर कारवाई करा असं म्हटलं. पण कलम १६(२)(क) अजून पुस्तकात आहे आणि जिनिंगचा मुनीम तेच गृहीत धरून चालतो.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, ‘मग आम्ही पुरवठादाराला पैसे कधी द्यायचे?’ प्रश्न अगदी बरोबर, कारण मालावरच्या करापुरती रक्कम रोखून धरली तर वजावटीचा धोका विकणाऱ्याकडे परत जातो. अनेक जिनिंग आता तसंच करतात : मालाची किंमत काट्यावर, कराचे पैसे बिल 2B मध्ये आल्यावर. पण त्यालाही मर्यादा आहे. बिलापासून १८० दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत तर वजावट परत करावी लागते. शिवाय 2B मध्ये आल्यावर पैसे दिले तरी 3B चा धोका उरतोच. नव्या व्यापाऱ्याचं विवरण वेळेवर येतं का, हे संकेतस्थळावर त्याच्या क्रमांकाने तपासून पाहता येतं. हंगामात गाडी उभी असताना ते पाहायला वेळ नसतो हेही खरं. म्हणून ते ऑक्टोबरच्या आधी, हंगाम सुरू होण्यापूर्वी करायचं.

आज इथेच थांबतो.